छेदातच दडलेलं उत्तर

२१/१२० चं दशांश रूप संपेल का? १२० मध्ये ३ हा अवयव दिसतो, म्हणून अनेकजण लगेच ‘नाही’ म्हणतात. इथेच फसगत होते. आधी अपूर्णांकाला संक्षिप्त रूप द्यायला हवं. ३ ने भागलं की ७/४० उरतात आणि ४० म्हणजे २×२×२×५. तीन २ ना जोडीला तीन ५ हवेत, म्हणून अंश-छेदाला २५ ने गुणू: १७५/१०००, म्हणजे ०.१७५. संपलं!

७/३० मधला ३ मात्र जात नाही. १०, १००, १००० यांचे मूळ अवयव फक्त २ आणि ५. त्यामुळे ३ ला कितीनेही गुणलं तरी त्यांतली एकही संख्या मिळत नाही. भागाकार करून पाहा: ७० मध्ये ३० दोनदा, बाकी १०, १०० मध्ये तीनदा, बाकी पुन्हा १०. तीच बाकी आली की तोच अंक येणार: ०.२३३३…