उंच मूल, वाढलेला रक्तदाब

समजा, साडेतीन वर्षांचा एक मुलगा आहे. वयाच्या मानाने चांगलाच उंच. जांघेत केस आलेत, लिंग मोठं झालंय, पण वृषण मात्र लहान मुलासारखेच आहेत. म्हणजे पुरुषी हार्मोन वृषणांतून येत नाहीत. संशय जातो मूत्रपिंडांवर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथींकडे. त्यांच्या जन्मजात दोषाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार बाळाच्या अंगातलं मीठ घालवतो आणि त्याचा रक्तदाब खाली आणतो. इथे मात्र रक्तदाब १४०/९५ भरतो, आणि रक्तात पोटॅशियम कमी सापडतं. हे मूल मीठ साठवतंय.

अॅड्रिनलमध्ये कॉर्टिसॉल टप्प्याटप्प्याने बनतं. त्यातली शेवटची पायरी अकरा-बीटा-हायड्रॉक्सिलेज हे एन्झाइम पार पाडतं. तेच नसेल तर कॉर्टिसॉल कमी पडतं. ते भरून काढण्यासाठी मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच नावाचं हार्मोन जोरात सोडते आणि अॅड्रिनल अखंड राबू लागतात. कालव्याचा दरवाजा बंद असताना पाणी सोडत राहिलं, तर ते तुंबतं आणि बाजूच्या पाटांनी वाहतं. तसाच अडलेला कच्चा माल एका बाजूने पुरुषी हार्मोनांकडे वळतो. बंद पायरीच्या अलीकडे डीऑक्सिकॉर्टिकोस्टेरॉन, म्हणजे डीओसी, साचत जातं.

डीओसी मूत्रपिंडाला अल्डोस्टेरॉनसारखाच हुकूम देतं: सोडियम राखा, पोटॅशियम बाहेर टाका. सोडियमबरोबर पाणी राहतं आणि रक्तदाब चढतो. म्हणजे मीठ पुरुषी हार्मोनांमुळे साठत नाही. दोन्ही गोष्टी एकाच अडथळ्यातून येतात. नेहमीच्या प्रकारात अडथळा डीओसीच्याही आधी असतो, म्हणून तिथे हे घडत नाही.

मीठ वाढलं की शरीर रेनिन कमी करून अल्डोस्टेरॉन बंद पाडतं, आणि तपासणीत दोन्ही कमीच दिसतात. पण हे डीओसी रेनिनचं ऐकतच नाही. त्याला हाकणारं एसीटीएच आहे, म्हणून ते थांबत नाही. रक्तात डीओसी आणि ११-डीऑक्सिकॉर्टिसॉल खूप वाढलेलं सापडलं, की निदान पक्कं होतं.

उपचार म्हणजे हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या. उणीव भरली की एसीटीएच उतरतं आणि डीओसी व पुरुषी हार्मोन दोन्ही एकदम कमी होतात. मात्र निदान उशिरा झालं, तर रक्तदाबासाठी वेगळं औषध लागू शकतं. हाडांचं वय पुढे गेलेलं असेल, तर आज उंच दिसणारं मूल मोठेपणी बुटकं राहतं. मुलींमध्ये जन्मतःच बाह्य जननेंद्रियं मुलासारखी दिसू शकतात. कधी कधी तिला मुलगा समजूनच वाढवलं जातं.

तान्हेपणी रक्तदाब सामान्यही असू शकतो, म्हणून एकदा मोजून भागत नाही. वयाआधी तारुण्याची चिन्हं दिसणाऱ्या प्रत्येक मुलाचा रक्तदाब त्याच्या दंडाच्या मापाच्या पट्ट्याने मोजून घ्या, आणि डॉक्टर विसरले तर पालकांनी आठवण करून द्यावी.