तुकडी बदलून हवी, पण कशासाठी?

शाळा सुरू होऊन महिना झाला की मुख्याध्यापकांच्या दाराशी एक विनंती हमखास येते, “सर, आमच्या मुलीची तुकडी बदलून द्या.” कारण विचारलं की उत्तरं ठरलेली असतात. मैत्रीण दुसऱ्या तुकडीत गेली, त्या तुकडीत हुशार मुलं आहेत, किंवा इथल्या बाई नीट शिकवत नाहीत. मुख्याध्यापक मान हलवतात, “बघू” म्हणतात आणि अर्ज फाइलमध्ये जातो.

यात दरवेळी मुख्याध्यापकांचा हट्ट असतो असं नाही. एका तुकडीत साठ-सत्तर मुलं, दोन्हीकडचे हजेरीपट तयार, यूडायसच्या माहितीत तुकडीची नोंद, आणि मोठी धास्ती पुढच्या रांगेची. एकीला मैत्रिणीसाठी ‘ब’मध्ये पाठवलं की दुसऱ्या दिवशी दहा पालक तेच कारण घेऊन उभे. म्हणून अर्ज वाचताना त्यांच्या मनात दोन प्रश्न असतात. मुलाची अडचण तुकडी बदलल्याने खरंच सुटेल का? आणि हेच कारण उद्या प्रत्येकाला सांगता येईल का? पहिल्याचं उत्तर ‘हो’ आणि दुसऱ्याचं ‘नाही’ असेल, तर त्या अर्जाला वजन येतं.

एक उदाहरण नीट पाहू, कारण तालुक्याच्या गावांतल्या हायस्कुलांत ते वारंवार दिसतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीपर्यंत सगळे विषय मराठीतून शिकलेली मुलगी आठवीला हायस्कुलात येते. घरच्यांनी हौसेनं, किंवा शाळेनं गुण पाहून, तिला ‘अ’ तुकडीत घातलेलं असतं. ‘अ’ म्हणजे सेमी इंग्रजी. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचे विषय मराठीतून. जुलैअखेर घटक चाचणी होते. इतिहासात 20 पैकी 16, मराठीत 17, पण गणितात 4 आणि विज्ञानात 5. सातवीत हीच मुलगी गणितात पुढे होती. आता ती सकाळी पोट दुखतं म्हणून घरी राहू लागते.

वडील गुणपत्रिका घेऊन गेले, तर मुख्याध्यापक साहजिकच म्हणतील की आठवीचं गणित अवघड जातंच, अभ्यास वाढवा. कमी गुणांवरून कारण कळत नाही. गणित कच्चं असू शकतं, भाषा अडत असेल किंवा मुलगी आजारीही असेल. यांतलं कोणतं खरं, हे घरच्या घरी तपासता येतं. राज्याच्या पाठ्यपुस्तकांत मराठी आणि इंग्रजी माध्यमाचा अभ्यासक्रम एकच असतो. त्यामुळे ओळखीच्या मुलाकडून मराठी माध्यमाचं आठवीचं गणित आणावं आणि वर्गात झालेलाच धडा, समजा परिमेय व अपरिमेय संख्यांचा, त्यातून करायला द्यावा. ‘रॅशनल नंबर’ या शब्दापाशी थांबणारी मुलगी ‘परिमेय संख्या’ वाचून उदाहरण सोडवत असेल, तर अडचण भाषेची आहे. मराठीतूनही जमत नसेल, तर तुकडी बदलून काही होणार नाही. तिला गणिताची मदत हवी आहे आणि ती ‘अ’मध्ये राहूनही मिळू शकते. ही तपासणी पालकांनी स्वतःसाठी आधी करावी, अर्जासाठी नंतर. चुकीच्या निदानावर तुकडी बदलली, तर मुलीला अपयश दुसऱ्यांदा सोसावं लागतं.

वह्याही उघडून बघाव्यात. भाषा अडते तेव्हा वही बहुतेक वेळा कोरी नसते. फळ्यावरचं सगळं नीट उतरवलेलं असतं, पण स्वतः सोडवायच्या जागा रिकाम्या असतात. वर्षानुवर्षं शिकवणाऱ्या बाईंना ही खूण लगेच कळते. म्हणून पहिली भेट वर्गशिक्षिकांची घ्यावी. त्यांना वगळून थेट केबिनमध्ये गेलं की त्यांना ती तक्रार वाटते, आणि मुख्याध्यापक शेवटी त्यांचंच मत विचारणार असतात.

मग अर्ज. तो एका पानाचा असावा आणि साधारण असा:

“माझी मुलगी इयत्ता आठवी ‘अ’ या सेमी इंग्रजी तुकडीत आहे. सातवीपर्यंत तिचे सर्व विषय मराठीतून झाले आहेत. पहिल्या घटक चाचणीत तिला इतिहासात 16, तर गणितात 4 व विज्ञानात 5 गुण मिळाले. गणिताचा तोच धडा घरी मराठी पुस्तकातून दिला असता तिने उदाहरणे स्वतः सोडवली; ती पाने सोबत जोडली आहेत. वर्गशिक्षिकांशी बोलणे झाले आहे. तरी तिला मराठी माध्यमाच्या ‘क’ तुकडीत बसण्याची परवानगी द्यावी, ही विनंती. मागे राहिलेला भाग आम्ही घरी पूर्ण करून घेऊ.”

यात कुणा शिक्षकाचं नाव नाही, रडगाणं नाही, दुसऱ्या मुलाशी तुलना नाही. पुरावा जोडलेला आहे आणि कारण इतकं नेमकं आहे की ते सगळ्यांना लागू होत नाही. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात, एकीवर कार्यालयाचा आवक क्रमांक आणि तारीख घ्यावी. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात, कलम 29 मध्ये, आठवीपर्यंतचं शिक्षण शक्य तितकं मुलाच्या मातृभाषेतून व्हावं असं म्हटलं आहे. हे ठाऊक असावं, पण भेटीची सुरुवात कलमाने करू नये. ‘शक्य तितकं’ हे शब्द शाळेलाही वाचता येतात.

मुख्याध्यापक एक गोष्ट नक्की विचारतील, आणि ती रास्त आहे. अकरावीला विज्ञान शाखा घेतली तर सगळं इंग्रजीतूनच आहे, तेव्हा काय करणार? याचं उत्तर घरी, मुलीला समोर बसवून आधी शोधलेलं असावं. दहावीपर्यंत संकल्पना मराठीतून पक्क्या करून प्रत्येक धड्यातले इंग्रजी शब्द वेगळ्या वहीत उतरवायचे, हा एक मार्ग आहे. पण तिला स्वतःला ‘अ’मध्येच टिकून राहायचं असेल, तर तिचं ऐकावं. अशा वेळी तुकडी बदलण्याऐवजी दिवाळीपर्यंत मराठी पुस्तक शेजारी ठेवून शिकण्याची मुभा मागावी.

वेळ मात्र दवडू नये. 30 सप्टेंबरच्या पटावर शाळेची शिक्षकसंख्या ठरते, त्यामुळे त्यानंतर आकड्यांत हलवाहलव करायला शाळा नाखूश असते. सत्र परीक्षेनंतर तर आकारिक मूल्यमापनाच्या नोंदी एका तुकडीतून दुसरीत नेण्याचं कामही वाढतं. ऑगस्टचा पहिला पंधरवडा सगळ्यांत सोयीचा.

इतर कारणांपैकी काही भक्कम असतात. पाय अधू असलेल्या मुलाचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर असेल, तर डॉक्टरांचा दाखला जोडावा. असा अर्ज सहसा अडत नाही. पण वर्गात कुणी सतत छळत असेल, मारत असेल, तर तुकडी बदलण्याचा अर्ज करूच नये. लेखी तक्रार करावी. अर्ज दिला की सोसणारं मूल निमूट दुसऱ्या वर्गात जातं आणि त्रास देणारा तिथेच राहतो. मधल्या सुट्टीत मैदान तर दोघांचं एकच असतं.

परवानगी मिळाली की त्याच आठवड्यात करायची कामं उरतात. गणित-विज्ञानाची मराठी पुस्तकं मिळवायची, ‘क’च्या हजेरीपटावर नाव आणि नवा हजेरी क्रमांक आला का ते बघायचं, आणि ‘अ’मधल्या चाचणीचे गुण नव्या वर्गशिक्षकांकडे पोचले का ते विचारायचं. हे गुण मधेच हरवले, तर प्रगतिपुस्तकात ती जागा रिकामी राहते आणि वर्षअखेरीस शोधाशोध सुरू होते.