‘मंजुरी बाकी आहे’ एवढ्यावर भागत नाही

“बाकी सगळं काम झालं आहे, फक्त पेमेंट गेटवेची मंजुरी यायची आहे. आली की लगेच लाइव्ह करू.” वेबसाइट बनवणाऱ्यांकडून असा निरोप हमखास येतो. त्यात खोटं काही नसतं. पण ज्याने पैसे मोजून साइट करून घेतली, त्याला यातून काहीच कळत नाही. मंजुरी कोण देणार, अडलंय कुठे, आपण काही करायचं आहे का, आणि दुकान उघडणार कधी? मग संध्याकाळी फोन येतोच.

एक उदाहरण घेऊ. देवगडच्या एका बागायतदार ताईंची साइट आहे. हापूसच्या पेट्यांची आगाऊ नोंदणी करायची, ऑनलाइन पैसे घ्यायचे आणि आंबा तयार झाला की पेटी पाठवायची. साइट १ एप्रिलला उघडायची ठरली होती. मार्च संपत आला तरी मंजुरी नाही आणि हापूसचा हंगाम तर मे महिन्यात संपतो.

आधी मंजुरी कशासाठी लागते ते पाहू. ग्राहकाने भरलेले पैसे थेट ताईंच्या खात्यात जात नाहीत. ते आधी मधल्या कंपनीच्या एस्क्रो खात्यात येतात आणि तिथून विक्रेत्याला मिळतात. या कंपन्यांना ‘पेमेंट अॅग्रिगेटर’ म्हणतात. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२०मध्ये त्यांच्यासाठी नियम केले. विक्रेत्याची पार्श्वभूमी तपासणं आणि त्याच्या साइटवर माल परत घेण्याच्या व पैसे परत देण्याच्या अटी व मुदत स्पष्ट असणं, या गोष्टी त्यात होत्या. कंपनीचा स्वतःचा स्वार्थही त्यात असतो. पैसे आज घेतले आणि पेटी महिन्याने पोचलीच नाही, तर कार्डाने पैसे भरलेला ग्राहक बँकेकडे तक्रार करून पैसे परत मागतो. विक्रेता हात वर करून मोकळा झाला, तर भुर्दंड मधल्या कंपनीला बसतो. म्हणून आगाऊ नोंदणीच्या धंद्याला प्रश्न जास्त विचारले जातात.

अर्ज केल्यावर त्याची स्थिती कंपनीच्या डॅशबोर्डवर दिसते. शब्द कंपनीगणिक थोडे बदलतात, पण `Under Review` असेल तर तपासणी चालू आहे आणि थांबण्यावाचून इलाज नाही. `Needs Clarification` असेल तर त्यांनी काहीतरी विचारलं आहे आणि उत्तर आपण द्यायचं आहे. बाहेरून दोन्ही ‘मंजुरी बाकी’च दिसतात. फरक एवढाच की दुसऱ्या अवस्थेत आपण उत्तर देईपर्यंत अर्ज जागचा हलत नाही. त्यातून हा प्रश्न बहुतेक वेळा नोंदणी केलेल्या ईमेलवर येतो. तो ईमेल मालकाचा असतो, बनवणाऱ्याचा नव्हे. मालक बागेत, बनवणारा वाट पाहतोय आणि दोघांनाही वाटतंय की कंपनीच उशीर करते आहे!

ताईंच्या बाबतीत दोन प्रश्न आले होते. पहिला परताव्याचा: आंबा खराब निघाला तर पैसे किती दिवसांत परत मिळणार, हे साइटवर नव्हतं. दुसरा नावाचा. कंपनी खात्यात एक रुपया पाठवते आणि बँकेकडून खातेदाराचं नाव मागवून ताडून पाहते. मालक एकटाच असेल, तर पॅन त्याच्या नावावर असतं आणि चालू खातं मात्र बहुधा धंद्याच्या नावाने उघडलेलं असतं. नावं जुळत नाहीत आणि अर्ज थांबतो. अशा वेळी दोन्ही नावं एकत्र असलेला कागद लागतो. जीएसटी नोंदणीच्या दाखल्यावर मालकाचं आणि धंद्याचं अशी दोन्ही नावं असतात, म्हणून तो कामी येतो.

एवढं हाताशी असलं की निरोप लिहायला वेळ लागत नाही:

“नमस्कार ताई, साइट १ एप्रिलला सुरू होणार नाही. ऑनलाइन पैसे घ्यायची परवानगी अजून मिळालेली नाही. बाकी साइट तयार आहे.

अर्ज २० मार्चला भरला. काल, २७ तारखेला, त्यांनी दोन गोष्टी विचारल्या. परताव्याची मुदत साइटवर नव्हती; तुम्ही सांगितलेले सात दिवस आज टाकले आहेत, एकदा वाचून पाहा. दुसरं, पॅन तुमच्या नावावर आणि खातं बागेच्या नावावर आहे, म्हणून जीएसटीचा दाखला हवा आहे. तो पाठवा, त्याच दिवशी अपलोड करतो.

त्यानंतर ते पुन्हा तपासतील. त्याला किती दिवस लागतील ते त्यांच्या हातात आहे, म्हणून मी तारीख देत नाही. परवानगी आल्यावर मात्र कामाच्या दोन दिवसांत साइट सुरू करतो.

१० एप्रिलपर्यंत परवानगी आली नाही, तर नोंदणी साइटवर आणि पैसे तुमच्या यूपीआयवर घेऊन सुरुवात करता येईल. तसं करायचं का, ते ७ तारखेपर्यंत कळवा. ३० तारखेला संध्याकाळी मी पुन्हा कळवतो, काही हाललं नसलं तरी.”

वाईट बातमी पहिल्याच वाक्यात आहे. ताईंनी करायचं काम एकच आहे आणि ते ठळक आहे. दुसऱ्याच्या हातातली तारीख दिलेली नाही. स्वतःच्या हातातले दोन दिवस मात्र बांधून दिले आहेत.

ते दोन दिवस उगाच मागितलेले नाहीत. तोवर साइट टेस्ट मोडवर असते. रेझरपेमध्ये, उदाहरणार्थ, टेस्टची की `rzp_test_` अशी सुरू होते आणि खरी `rzp_live_` अशी. ती बदलावी लागते. पैसे मिळाल्याची वर्दी साइटला देणारा वेबहूकही लाइव्हसाठी वेगळा नोंदवावा लागतो. तो राहून गेला, तर ग्राहकाचे पैसे जातात आणि साइटवर ऑर्डर ‘पैसे बाकी’ अशीच दिसते. म्हणून एक खरा व्यवहार करायचा, ऑर्डर नीट नोंदली गेली का पाहायचं आणि ते पैसे परत करून दाखवायचे.

यूपीआयच्या तात्पुरत्या सोयीलाही मर्यादा आहेत. कोणते पैसे कोणत्या ऑर्डरचे, हे हाताने जुळवावं लागतं. ग्राहकाने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर विसंबू नये, कारण तो बनावट असू शकतो. खात्यात रक्कम जमा झालेली पाहूनच पेटी बांधावी. दिवसाला दहावीस ऑर्डरी असतील तोवर हे निभतं. पण घाईपोटी ओळखीच्या दुसऱ्या दुकानाचं मंजूर झालेलं खातं जोडू नये. कंपन्यांच्या अटींत ते बसत नाही. उघडकीला आलं तर त्या दुकानाचे पैसेही अडकतात.

आणखी एक अडचण कामाच्या क्रमातून येते. तपासणाऱ्याला साइट उघडून पाहायची असते. तिथे ‘लवकरच येत आहोत’ एवढंच पान किंवा पासवर्ड असेल, तर अर्ज परत येतो. बनवणारे मात्र रंगरूप पुरं होईपर्यंत साइट झाकून ठेवतात आणि अर्ज शेवटच्या आठवड्यात करतात. त्यापेक्षा भाव, संपर्काचा पत्ता, पोचवण्याची मुदत, परतावा, अटी आणि गोपनीयता ही साधी पानं आधी चढवावीत, खरेदीचं बटण बंद ठेवावं आणि पॅन, बँक खातं व दाखल्यावरची नावं जुळवून त्याच दिवशी अर्ज करावा. मग फोटो आणि सजावट चालू असताना तपासणीही चालू राहते.