फुकटचा शर्ट सहाशे रुपयांचा

‘एकावर एक फ्री’मध्ये दोन शर्ट घेतले. एकावर १,५०० रुपयांचं लेबल, दुसऱ्यावर १,००० रुपयांचं. पैसे महागड्याचे, म्हणजे १,५००. घरी येऊन बिल पाहिलं, तर पहिला शर्ट ९०० रुपयांचा आणि ‘फुकट’चा ६०० रुपयांचा!

ही चूक नव्हे. दोन्ही लेबलांची बेरीज २,५००, त्यात पहिल्याचा वाटा ६० टक्के. म्हणून मिळालेल्या १,५०० रुपयांचेही ६० टक्के त्याच्या नावावर आणि उरलेले ४० टक्के दुसऱ्याच्या.

दुकानदार एवढा खटाटोप करतो तो मुख्यतः परतीच्या मालासाठी. समजा, बिलात १,५०० आणि शून्य असं लिहिलं. मग गिऱ्हाईक पहिला शर्ट परत करून सगळे पैसे घेऊन जाईल आणि दुसरा खरोखरच फुकटात पडेल. उलट दुसऱ्याची शिलाई उसवलेली निघाली, तर गिऱ्हाइकाच्या हाती भोपळा. विभागणी केली की पहिल्याचे ९०० किंवा दुसऱ्याचे ६०० परत मिळतात. काही दुकानं मात्र जोडीच परत मागतात. तेव्हा बिलामागची बारीक अक्षरं आधी वाचलेली बरी.

जीएसटी खात्यानंही मार्च २०१९ च्या परिपत्रकात हेच म्हटलंय: यात फुकट काही नसतं, एका किमतीत दोन वस्तू विकलेल्या असतात. शर्टाच्या जोडीला वेगळ्या कराची वस्तू असेल, तर मात्र हिशेब किचकट होतो. सरमिसळ विक्री ठरली, की चढा दर सगळ्या रकमेवर लागतो.