आणखी एक रीम

गेल्या जूनमध्ये कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. गिऱ्हाइकांची गर्दी म्हणावी तर तीही नव्हती. काउंटरमागे, माळ्यावर, जिन्याखाली, जिथे बघाल तिथे ए-फोर कागदाच्या रिमा. मालक मला म्हणाले, "सर, एकदम ९०० मागवून टाकल्या. दर चार दिवसांनी टेम्पोवाल्याचं तोंड बघायचा कंटाळा आला होता." त्याआधी ते एका वेळी ५० रिमा आणत. पंधरा दिवसांत पावसाने जोर धरला, जिन्याखालच्या रिमांना ओल लागली, कागद वाकला आणि मशीन दर शंभर कॉपींना अडकू लागलं.

५० ही कमी आणि ९०० जास्त, हे आता त्यांनाही पटलं होतं. मग किती? या प्रश्नाला कारखान्यांच्या जगात एक नेमकं उत्तर आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ईओक्यू म्हणतात. आपण त्याला किफायतशीर मागणी-संख्या म्हणू. मी बारावीला कॅल्क्युलस शिकवतो. त्यामुळे बिलाच्या पाठकोऱ्या कागदावर मी तिथेच गणित मांडायला घेतलं.

दुकानात रोज सरासरी १२ रिमा लागतात आणि वर्षात ३०० दिवस दुकान चालतं, म्हणजे वर्षाची गरज ३,६०० रिमा. माल आणायचा तर टेम्पोचं भाडं ४०० रुपये आणि माल मोजून घ्यायला जाणाऱ्या पोऱ्याचे १००. मिळून ५०० रुपये, मग टेम्पोत १० रिमा असोत वा २००. दुसरीकडे, आणलेली रीम पडून राहिली की तिचाही खर्च असतो. २५० रुपयांच्या रिमेत अडकलेल्या पैशावर १२ टक्क्यांनी वर्षाचं व्याज ३० रुपये होतं. जागा आणि खराब होणारा कागद यांचे १० धरले, तर एक रीम वर्षभर सांभाळायला ४० रुपये पडतात. (आकडे सोयीसाठी थोडे गोल केले आहेत.)

मालकांनी लगेच विचारलं, "आणि कागदाची किंमत? नऊ लाखाचा कागद जातो वर्षाला!" ती इथे मोजायची नाही. ५०-५० करून आणा की ३००-३००, वर्षाला ३,६०० रिमांचे नऊ लाख द्यायचेच आहेत. रिमेमागे हमाली देत असाल तर तीही तशीच. जो खर्च निर्णयाने बदलत नाही, तो निर्णयात धरून उपयोग नसतो.

आता एका वेळी Q रिमा आणल्या असं समजू. वर्षात 3600/Q खेपा होतील, आणि खेपांचा खर्च 500 गुणिले तेवढा. साठवणुकीचा हिशेब करताना मात्र बरेच जण चुकतात. ३०० रिमा आणल्या म्हणजे वर्षभर ३०० रिमा पडून असतात, असं नाही. आल्या दिवशी ३०० असतात, रोज १२ने उतरत पंचविसाव्या दिवशी संपतात आणि पुन्हा ३०० येतात. आलेख काढला तर करवतीचे दाते दिसतात, आणि दात्याची सरासरी उंची पूर्ण उंचीच्या निम्मी असते. म्हणून सांभाळायच्या सरासरी रिमा Q/2. वार्षिक गरजेला D, एका खेपेच्या खर्चाला S आणि एका रिमेच्या वर्षाच्या सांभाळखर्चाला H म्हटलं, तर एकूण खर्च असा:

T(Q) = DS/Q + HQ/2

Q वाढवला की पहिलं पद घटतं आणि दुसरं वाढतं. खेप ५० रिमांची असेल तर ७२ खेपांचे ३६,००० आणि साठवणुकीचे फक्त १,००० होतात. ९०० असेल तर नुसती साठवणूकच १८,००० खाते. या दोन्हींच्या मधला सर्वांत खालचा बिंदू शोधायचा आहे.

इथे सूत्र बाजूला ठेवून मी मालकांना विचारलं, "खेपेत आणखी एक रीम टाकली तर काय होईल?" समजा आत्ता १०० आणता. १०१ आणल्या तर वर्षातल्या खेपा किंचित कमी होतील आणि सुमारे १७८ रुपये वाचतील. साठवणूक सरासरी अर्ध्या रिमेने वाढेल, तिचे २० रुपये जास्त जातील. १७८ मिळवायला २० द्यायचे, तर ती रीम टाकलीच पाहिजे. आता समजा ६०० आणता. ६०१वी रीम टाकली तर खेपांमध्ये जेमतेम ५ रुपये वाचतात, द्यायचे मात्र तेच २०. तर ती रीम नको. साठवणूक प्रत्येक जादा रिमेला ठरलेले २० रुपये मागते आणि खेपांमधली बचत मात्र झपाट्याने आटत जाते. जिथे ती आटत आटत २०वर येते, तिथे थांबायचं.

डेरिव्हेटिव्ह, म्हणजे अवकलज, नेमकं हेच विचारतो. फक्त पूर्ण रिमेऐवजी रिमेच्या अगदी सूक्ष्म तुकड्याबद्दल विचारतो. 1/Q चा अवकलज −1/Q² असतो आणि Q चा 1, म्हणून

dT/dQ = −DS/Q² + H/2

पहिलं पद ही बचत, दुसरं ते २० रुपये. दोन्ही फिटली की बेरीज शून्य होते. शून्य मांडून Q² एकीकडे घेतला की

Q² = 2DS/H, म्हणजे Q = √(2DS/H)

आपले आकडे घातले की 2 × 3600 × 500 / 40 = 90000 आणि त्याचं वर्गमूळ ३००. पडताळून पाहा: २९९वरून ३००वर जाताना २० रुपये ७ पैसे वाचतात आणि ३००वरून ३०१वर जाताना १९ रुपये ९३ पैसे. दुसरा अवकलज 2DS/Q³ नेहमी धन असतो, म्हणून हा तळच आहे, शिखर नाही.

३००ला खेपांचा खर्च १२ × ५०० = ६,००० आणि साठवणुकीचा १५० × ४० = ६,०००. दोन्ही सारखे! हे पाहून पुष्कळ जण, काही पुस्तकंसुद्धा, कॅल्क्युलसला फाटा देतात आणि सांगतात की दोन खर्च समान करा, झालं. उत्तर बरोबर येतं, पण ते कारण नव्हे. तळाशी जे समान असावं लागतं ते दोन खर्च नाहीत, त्यांच्या वाढण्या-घटण्याचे वेग आहेत. एक पद Q च्या व्यस्त प्रमाणात आणि दुसरं सरळ प्रमाणात आहे, एवढ्याच योगायोगाने इथे खर्चही समान निघाले. ढीग दुप्पट झाला की तळातली ओल वाढून साठवणूक चौपट महाग होते असं धरा, म्हणजे ते पद Q² च्या प्रमाणात घ्या. मग तळाशी खेपांचा खर्च साठवणुकीच्या दुप्पट निघतो. समान करायला गेलात तर चुकलातच.

हे सूत्र पहिल्यांदा छापलं फोर्ड व्हिटमन हॅरिस या अमेरिकन इंजिनिअरने, फेब्रुवारी १९१३मध्ये, 'फॅक्टरी' नावाच्या व्यवस्थापनाच्या मासिकात. त्याचा प्रश्न होता की एका दमात किती सुटे भाग बनवावेत. खेपेच्या भाड्याच्या जागी त्याच्याकडे मशीन जुळवायचा खर्च होता. त्याच्या सूत्रात वर्गमुळाखाली 240MS/C असं येतं. हा २४० कुठून आला? २ तर आपलाच. गरज दरमहा दिलेली म्हणून वर्ष करायला १२. आणि व्याज व घसारा मिळून १० टक्के धरले म्हणून १०. दोन, बारा आणि दहा यांचा गुणाकार.

त्यातल्या १२ने मला वर्गात एकदा तोंडघशी पाडलंय. गरज महिन्याची, ३०० रिमा, घातली आणि सांभाळखर्च वर्षाचा, ४० रुपये. उत्तर आलं ८७ आणि मी ते फळ्यावर ठळक लिहिलं. मागच्या बाकावरून एका मुलीने ८७वर दोन्ही वार्षिक खर्च काढले: खेपांचे सुमारे २०,७०० आणि साठवणुकीचे १,७४०. म्हणजे त्या समानतेचा उपयोग सूत्र सिद्ध करायला नसला, तरी चूक पकडायला छान होतो.

मालकांची खरी शंका वेगळी होती. "सर, हे ४० रुपये तुम्ही अंदाजानेच धरलेत ना?" होय. पण वर्गमूळ अंदाजाच्या चुका बरंच पोटात घालतं. खेपेचा खर्च खरा ५०० असताना मी चुकून दुप्पट, १,००० धरला असता, तर उत्तर ४२४ आलं असतं आणि वर्षाचा खर्च १२,००० ऐवजी १२,७२८ झाला असता. दुप्पट चुकीला सहा टक्के दंड. तळ खोलगट नाही, पसरट आहे. थेट १५० किंवा ६०० आणल्या तरी १५,००० होतात, दोन्हीकडे सारखेच. तेव्हा ३०० ऐवजी २९० की ३१०, यावर डोकं खपवण्यात अर्थ नाही.

मात्र सूत्राला काही गोष्टी दिसत नाहीत. ३०० रिमांचं वजन सुमारे ७०० किलो. 'छोटा हत्ती' ७५० किलो नेतो, म्हणजे आपलं उत्तर त्यात जेमतेम बसलं. सव्वातीनशेच्या पुढे दुसरी फेरी लागते आणि खर्चाची रेषा तिथे एकदम उडी मारते. उडीवर अवकलज निघत नाही. तो बिंदू वेगळा तपासावा लागतो. सवलतीचंही तसंच. घाऊक व्यापाऱ्याने ६०० रिमा एकदम घेतल्यास रिमेमागे ३ रुपये सोडायची तयारी दाखवली. आम्ही त्याच पाठकोऱ्या कागदावर दोन महिन्यांचा हिशेब केला. ३००-३०० करून आणल्या तर खर्च २,०००. एकदम ६०० आणल्या तर टेम्पोच्या दोन फेऱ्या आणि पोऱ्या मिळून ९०० आणि साठवणूक २,०००, म्हणजे २,९००. सवलत १,८००. निव्वळ ९०० रुपयांचा फायदा.

फक्त हा फायदा कोरड्या हवेतला आहे. पावसाळ्यात सांभाळखर्च ४० राहत नाही, हे जिन्याखालच्या ढिगाने दाखवून दिलंच होतं. जानेवारीत मालकांनी ६०० रिमा घेतल्या. जूनसाठी त्यांनी ३००च सांगून ठेवल्या आहेत आणि जिन्याखालची जागा रिकामी केली आहे.