झालं ते सरून जावो

इस्तंबूलमधल्या एका बाईंना संध्याकाळी कळतं, की मैत्रिणीचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. फोन करावा तर ती झोपली असेल, म्हणून त्या चार ओळी लिहून पाठवतात: ‘आमेलियात ओलमुश्सुन, येनी दुयदुम. चोक गेचमिश ओलसुन. आजिल शिफालार दिलेरिम. बिर इह्तियाजिन ओलुर्सा आरा.’ म्हणजे, तुझं ऑपरेशन झालं म्हणे, आत्ताच कळलं. सरून गेलेलं असो. लवकर आराम पडो. काही लागलं तर फोन कर.

प्रसंग काल्पनिक आहे, पण असा निरोप तुर्कस्तानात कुणीही कुणालाही पाठवेल. त्यातली दुसरी ओळ मात्र चुकवून चालत नाही. ‘गेचमिश ओलसुन’ हे दोन शब्द आले नाहीत, तर बाकी कितीही मायेनं लिहिलं तरी काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. (यातला च चहातला, चमच्यातला नव्हे.)

गेचमेक म्हणजे सरणं, पार होणं. त्यापासून गेचमिश, म्हणजे सरलेलं. ओलसुन म्हणजे असो किंवा होवो. आपण ‘लवकर बरे व्हा’ म्हणतो तेव्हा ते रोग्याला उद्देशून असतं. बरं व्हायचं असतं त्यानं. तुर्की शुभेच्छा रोग्याकडून काहीच मागत नाही. ती दुखण्याबद्दल बोलते आणि ते मागे पडलेलं असो, असं म्हणते. मराठीत या वळणाचं काही शोधायचं तर ‘इडापिडा टळो’ जवळचं वाटतं. तिथंही माणसाला काही करायला सांगितलेलं नसतं, संकटालाच वाट दाखवलेली असते.

या रचनेमुळे एक सोय होते. तुर्कीत मराठीसारखंच तू आणि तुम्ही वेगळं, सेन आणि सिझ. वरच्या निरोपाची पहिली ओळ वडीलधाऱ्यांना लिहायची तर ‘ओलमुश्सुन’चं ‘ओलमुश्सुनुझ’ करावं लागतं आणि शेवटचं ‘आरा’ बदलून ‘आरायिन’ होतं. ‘गेचमिश ओलसुन’ला हात लावावा लागत नाही. त्यात समोरचा माणूस कर्ता नाहीच. त्यामुळे शाळकरी पोर आजोबांना, साहेब शिपायाला आणि डॉक्टर रोग्याला तेच दोन शब्द म्हणतो. औषधाच्या दुकानात पुडी हातात देतानाही ते ऐकू येतात.

पहिल्या ओळीतला ‘मिश’ मराठी वाचकाला चटकन कळेल. ‘आमेलियात ओलमुश्सुन’ म्हणजे तुझं ऑपरेशन झालं, पण मी ते पाहिलेलं नाही, कुणाकडून तरी कळलं. आपण जिथं ‘म्हणे’ लावतो, तिथं तुर्की माणूस क्रियापदाला मिश जोडतो. गेचमिशमधला मिश दिसायला तोच, पण तिथं त्याचा अर्थ नुसता ‘झालेलं’ एवढाच. ऐकीव बातमीशी त्याचा संबंध नाही.

हे शब्द कधी म्हणायचे? ऑपरेशन झाल्यावर, दवाखान्यात भेटताना, घरी आल्यावर, कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशीही. आणि आधीसुद्धा. उद्या सकाळी ऑपरेशन असेल, तर आज रात्री ‘शिमदिदेन गेचमिश ओलसुन’ म्हणतात. शिमदिदेन म्हणजे आतापासूनच. जे अजून घडायचं आहे, ते सरून गेलेलं असो! व्याकरण तपासत बसलं तर हे विचित्र वाटेल. पण उद्याच्या भीतीनं जागी असलेल्या मैत्रिणीला उद्याच्या पलीकडे उभं करणारे याहून नेमके शब्द सापडणं कठीण आहे. हे शब्द दुखण्यापुरतेही नाहीत. सर्दी, चोरी, अपघात, संपलेली परीक्षा, सगळ्यांना ते चालतात.

घोटाळा होतो तो भाषा नव्यानं शिकणाऱ्याचा. ‘साऽ’ म्हणजे धडधाकट, हे त्याला ठाऊक असतं आणि ‘बाशिन साऽ ओलसुन’ कानावर पडलेलं असतं. शब्दशः अर्थ ‘तुझं डोकं शाबूत राहो’. ऑपरेशन झालेल्याला हेच म्हणावं, असं वाटणं साहजिक आहे. पण हे शब्द फक्त एका ठिकाणी म्हणतात, घरातलं माणूस गेलं असेल तिथं. दवाखान्यात ते कुणी उच्चारले, तर नातेवाइकांच्या काळजाचा ठोका चुकेल. दुसरी चूक कमी गंभीर आहे. ‘सिहत्लेर ओलसुन’ यात सिहत म्हणजे आरोग्य, पण ते न्हाऊन आलेल्याला किंवा केस कापून, दाढी करून आलेल्याला म्हणायचं असतं. दोन्हीकडे ओलसुन आहे, दोन्हीकडे तब्येतीचा शब्द आहे. दुखण्याला लागणाऱ्या शुभेच्छेत मात्र तब्येतीचा शब्दच नाही, फक्त सरणं आहे. लक्षात ठेवायची खूण हीच.

या शब्दांभोवती आणखी काही बोलणी असतात आणि त्यातले शब्द आपल्या कानाला परके नाहीत. आमेलियात हा मूळ अरबी शब्द आपल्या ‘अंमल’चा भाऊबंद. रोगी म्हणजे ‘हास्ता’, तोच फारसी शब्द जो आपल्याकडे ‘खस्ता खाल्ल्या’ म्हणताना येतो. हास्ताचं घर ते ‘हास्ताने’, जसं आपलं दवाखाना. ‘अल्लाह बेतेरिनदेन साक्लासिन’ म्हणजे देव याहून बत्तर वेळेपासून राखो. आपला बत्तर आणि त्यांचा बेतेर एकच. अपेंडिक्स फुटता फुटता माणूस टेबलावर पोचला असेल, तर ‘उजुझ आतलात्तिन’ म्हणतात, स्वस्तात सुटलास. आपण म्हणू, जिवावरचं बोटावर निभावलं. आणि कुणी वडीलधारं माणूस ‘वेरिलमिश सादाकान वारमिश’ असंही म्हणेल, तुझ्या हातून कधीतरी दानधर्म झालेला दिसतो. ‘पुण्याई आडवी आली’ म्हणणाऱ्याला हे समजावून सांगायला नको.

भेटीला जाण्यालाही तेच नाव आहे. ‘गेचमिश ओलसुना गितमेक’ म्हणजे गेचमिश ओलसुन म्हणायला जाणं. शुभेच्छेचंच असं नाम झालं आहे. हातात फळांचा रस, फुलं किंवा बाटलीभर कोलोन्या असते. कोलोन्या हे लिंबाच्या वासाचं, भरपूर अल्कोहोल असलेलं सुगंधी पाणी. पाहुण्याच्या तळहातावर शिंपडायची जुनी रीत आहे. पोट कापलेल्या रोग्याला चालेल ते खाणं वेगळं असतं, म्हणून खाऊ नेण्याआधी विचारलेलं बरं. बसायचंही फार नाही. ‘हास्ता झियारेतिनिन किसासी माकबुलदुर’ अशी म्हणच आहे, रोग्याची भेट थोडक्यातलीच बरी.

खाटेशेजारी बहुतेक वेळा घरचं एक माणूस मुक्कामाला असतं. त्याला रेफाकातची म्हणतात. जाणता पाहुणा आधी रोग्याला आणि मग वळून त्यालाही ‘गेचमिश ओलसुन’ म्हणतो. दुखणं एकाचं, पण रात्री दोघांनी काढलेल्या असतात.

उत्तर काय द्यायचं? साधं ‘तेशेक्कुर एदेरिम’ चालतं, पण मैत्रिणीला ते जरा औपचारिक वाटतं. तिला ‘साऽ ओल’ म्हणतात. वापरात त्याचा अर्थ आभार एवढाच, पण शब्दशः ते ‘धडधाकट राहा’ असं आहे. खाटेवर पडलेली बाई भेटीला आलेल्या धडधाकट बाईला हे म्हणते. जवळीक जास्त असेल तर पुढे ‘एकसिक ओलमा’ जोडते, म्हणजे तू उणी पडू नकोस. त्या चार ओळींच्या निरोपालाही सकाळी बहुधा हेच उत्तर येईल: साऽ ओल जानिम, एकसिक ओलमा. आणि त्याखाली टाके कधी काढणार तो वार.