खुब्याचा गोळा वाचवायचा, तर...

सत्तरीतल्या आजीबाई घरात घसरून पडल्या आणि खुब्यातील मांडीच्या हाडाची मान मोडून तुकडे सरकले, तर डॉक्टर बहुधा वरचा गोळा काढून कृत्रिम गोळा बसवितात. हेच हाड अपघातात तिशीतल्या तरुणाचे मोडले, तर मात्र मूळचा गोळाच जोडण्याचा शक्य तितका प्रयत्न होतो. कृत्रिम सांधा काही वर्षांनी झिजतो किंवा सैल होतो आणि तरुणावर पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ येण्याची शक्यता मोठी असते. मात्र जोडलेला गोळा जगेलच, याची खात्री नसते.

रक्ताची अरुंद वाट

मांडीच्या हाडाचा गोळा आणि दांडा यांना जोडणारा अरुंद भाग म्हणजे हाडाची मान. गोळ्याला बहुतेक रक्त याच मानेवरून पोहोचते. ‘मेडियल फिमोरल सर्कमफ्लेक्स’ ही धमनी मागच्या बाजूने वळून वर येते आणि तिच्या बारीक शाखा मानेच्या मागच्या व वरच्या पृष्ठभागाला चिकटून गोळ्यात शिरतात. खोबणीकडून येणारी दुसरी छोटी धमनी प्रौढ वयात एकटी पुरी पडत नाही. त्यामुळे मान मोडून तुकडे सरकले की या शाखा ताणल्या, पिळल्या किंवा तुटल्या जातात. रक्त न मिळालेला गोळा हळूहळू मृत होऊन पुढे दबतो. यालाच ‘अ‍ॅव्हॅस्क्युलर नेक्रोसिस’ म्हणतात.

तुकडे किती सरकले?

ब्रिटिश शल्यविशारद गार्डन यांनी १९६१मध्ये या अस्थिभंगाच्या चार श्रेणी मांडल्या. पहिल्या दोन श्रेणींत तुकडे फारसे सरकलेले नसतात. तिसरीत ते अंशत: आणि चौथीत पूर्णपणे सरकलेले असतात. एकच एक्स-रे पाहून दोन डॉक्टर वेगवेगळी श्रेणी सांगू शकतात, म्हणून व्यवहारात ‘न सरकलेला’ आणि ‘सरकलेला’ असे दोनच गट अधिक उपयोगी ठरतात. पहिल्या गटात रक्तवाहिन्या शाबूत असण्याची शक्यता जास्त असते. हाड आहे त्याच जागी तीन समांतर स्क्रूंनी जखडले, तरी सहसा भागते. असा रुग्ण कधी कधी लंगडत चालतही येतो, त्यामुळे निदान हुकण्याचा धोका असतो.

गार्डन यांची श्रेणी मुख्यत: वृद्धांच्या अस्थिभंगासाठी उपयोगी पडते. तरुणांत आघात जोराचा असतो आणि भेग बऱ्याचदा उभी जाते. तिच्यासाठी पॉवेल्स यांनी १९३५मध्ये सुचविलेला कोन पाहतात. भेगेची रेषा आडव्या पातळीशी ५० अंशांहून अधिक कोन करीत असेल, तर शरीराचा भार तुकडे एकमेकांवर दाबण्याऐवजी त्यांना घसरवतो.

एक उदाहरण

समजा, ३२ वर्षांचा तरुण दुचाकीवरून पडला. पाय आखूड झालेला आणि बाहेरच्या बाजूला वळलेला आहे. एक्स-रेत तुकडे सरकलेले दिसतात आणि सीटी स्कॅनवर कोन ६० अंश येतो. म्हणजे रक्तपुरवठा धोक्यात आहे आणि हाडाचा जोडही अस्थिर आहे.

शस्त्रक्रिया शक्य तितक्या लवकर करावी, असा संकेत आहे. तरीही घाईपेक्षा तुकडे तंतोतंत जागेवर येणे महत्त्वाचे मानले जाते. प्रथम पाय ओढून व वळवून, ‘सी-आर्म’ यंत्रावर पाहत, हाड जुळवतात. एक-दोन हलक्या प्रयत्नांत जमले नाही, तर जोर न करता समोरून छेद घेऊन प्रत्यक्ष पाहून ते जुळवितात. नाजूक रक्तवाहिन्या मागे असल्याने समोरचा मार्ग तुलनेने सुरक्षित ठरतो.

आता जखडायचे कशाने? उभ्या भेगेत नुसते तीन स्क्रू घसरणीला पुरेसा विरोध करीत नाहीत. गोळा खाली व आत झुकण्याची भीती राहते. म्हणून येथे बरेच शल्यविशारद ‘स्लायडिंग हिप स्क्रू’ निवडतात. यात जाड स्क्रू दांड्यावरच्या प्लेटमध्ये ठराविक कोनात सरकतो. तो फिरवून बसविताना गोळाही सोबत फिरू नये, म्हणून वर आणखी एक स्क्रू घालतात. सर्वांना लागू पडणारे एकच उत्तम साधन मात्र सिद्ध झालेले नाही.

पुढची दोन वर्षे

शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा ते बारा आठवडे त्या पायावर पूर्ण भार टाकू देत नाहीत. हाड जुळले नाही, तर जांघेतील वेदना टिकतात आणि स्क्रू मागे सरकू लागतात. तरुणांत अशा वेळी हाड कापून भेगेचा कोन बदलण्याची शस्त्रक्रिया करता येते, कारण त्यामुळे घसरविणारा भार दाबणारा होतो. गोळा मृत होणे ही मात्र उशिरा उघड होणारी गोष्ट आहे. हाड जुळून रुग्ण चालू लागल्यावरही, वर्ष-दोन वर्षांनी जांघ दुखू लागते. म्हणून किमान दोन वर्षे तपासणी चालू ठेवतात. हाड जुळल्याचा एक्स-रे हाती आला, म्हणजे गोळा वाचलाच असे नव्हे.